नोटीस पानभर, मेसेज दोन वाक्यांचा

*ताई, मी पुण्यात राहते, नवरा कोलकात्याचा. मराठी बोललेलं बऱ्यापैकी कळतं त्याला, वाचता अजिबात येत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काका पानभर मराठी नोटिसा टाकतात. मी सकाळी साडेसातला ऑफिसला निघते, तो घरून काम करतो, म्हणजे नोटिशीत जे काय करायला सांगितलंय ते त्यालाच करायचं असतं. सगळं भाषांतर करून पाठवलं तर तो वाचत नाही, 'नो वॉटर थर्सडे' एवढंच पाठवलं तर मला ऑफिसात तीन फोन येतात, आणि मागच्या वेळी गाडी हलवायची राहिली म्हणून वॉचमन वर आला. दोन वाक्यांत कसं बसवू? की काकांनाच सांगू इंग्रजीत लिहा म्हणून? आम्ही बी विंगमध्ये, पार्किंग १४. कालची नोटीस सोबत पाठवतेय.*
*– मधल्यामध्ये अडकलेली, कोथरूड*

नोटीस वाचली बाई. काकांचा हात लिहिता आहे एवढं नक्की. नावं काढून ती इथे टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय:

> सर्व सन्माननीय सभासद व भाडेकरू यांना सप्रेम नमस्कार. कळविण्यात येते की, कार्यकारिणीच्या बैठकीत ठरल्यानुसार सोसायटीच्या भूमिगत व गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांची वार्षिक स्वच्छता गुरुवार दि. १२ मार्च रोजी करण्यात येणार आहे. यास्तव ए व बी विंगचा पाणीपुरवठा सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचारपर्यंत बंद ठेवण्यात येईल. सी विंगच्या टाकीची स्वच्छता शनिवारी करण्यात येईल. भूमिगत टाकीचे झाकण पार्किंगमध्ये असल्याने पार्किंग क्र. ११ ते १८ मधील वाहने बुधवारी रात्री १० पूर्वी इतरत्र लावावीत. सभासदांनी आवश्यक तेवढा पाणीसाठा करून ठेवावा. मागील वेळी काही सभासदांनी सहकार्य न केल्याने कामास विलंब झाला हे खेदाने नमूद करावेसे वाटते. सदर खर्च देखभाल शुल्कातून करण्यात येईल, वेगळी वर्गणी घेण्यात येणार नाही. नळ उघडे राहून नुकसान झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. काम लांबल्यास वेळेत बदल होण्याची शक्यता आहे. टीप : पाणी सुरू झाल्यावर पहिली १५ मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी वापरू नये. सहकार्याची अपेक्षा. कळावे.

आता ही नोटीस पहिल्या शब्दापासून इंग्रजीत करायला बसू नकोस, कारण मग नमस्कार आणि कार्यकारिणीतच तुझं एक वाक्य खर्च होतं. उलट्या बाजूने जा, म्हणजे प्रत्येक वाक्याचं फक्त शेवटचं क्रियापद बघ. मराठी नोटिशीत खरा माल कायम शेवटाला असतो, 'येईल' की 'येणार नाही' हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही, त्यामुळे वरवर वाचणारा माणूस हमखास चुकतो. आणि नोटीस लिहिणाऱ्यांची एक ठरलेली सवय असते जी आपल्या फार कामाची आहे. सोसायटी स्वतः जे करणार ते 'करण्यात येईल', 'बंद ठेवण्यात येईल' असं येतं, आणि तुम्ही जे करायचं ते 'लावावीत', 'ठेवावा', 'वापरू नये' असं येतं. बस, झाले की दोन ढीग. 'येईल'वाला ढीग म्हणजे काय होणारे, ते पहिलं वाक्य. 'लावावीत-ठेवावा-नये'वाला ढीग म्हणजे त्याने काय करायचंय, ते दुसरं वाक्य. तुझ्या 'नो वॉटर थर्सडे'मध्ये पहिला ढीग अर्धामुर्धा होता आणि दुसरा नव्हताच, म्हणून तीन फोन. तो बिचारा एवढंच विचारत असणार की मग मी काय करू.

एक वाक्य मात्र या दोन्हींत बसत नाही आणि तेच सगळ्यात जास्त दगा देतं. 'नळ उघडे राहून नुकसान झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.' दिसायला ते सोसायटीबद्दल आहे, पण आहे त्याच्यासाठीचं काम, सगळे नळ बंद कर. माणूस अकरा वाजता सवयीने बेसिनचा नळ उघडतो, पाणी येत नाही, तो तसाच सोडून परत लॅपटॉपवर जातो, साडेचारला पाणी येतं तेव्हा कानात हेडफोन आणि मीटिंग चालू, आणि बेसिनमध्ये एखादी वाटी जाळीवर बसलेली असली की पाणी हॉलपर्यंत. तेव्हा 'जबाबदार राहणार नाही' दिसलं की थांबायचं आणि विचारायचं, हे लोक कशाला घाबरतायत, ते न होण्यासाठी आपल्याला काय करावं लागेल. 'अन्यथा' शब्द आला तरी तेच, अन्यथाच्या आधी काम लिहिलेलं असतं.

मग चाळणी लाव. नोटीस अख्ख्या सोसायटीला आहे, मेसेज एका माणसाला. तू लिहिलंयस की तुम्ही बी विंगमध्ये आणि पार्किंग १४, म्हणजे सी विंगचा शनिवार उडाला, 'ए व बी विंग'चं 'आपल्याकडे' झालं, '११ ते १८' या रेंजचंही त्याला काही देणंघेणं नाही, त्याला फक्त १४. कार्यकारिणी उडाली, मागच्या वेळचा खेद उडाला (तो खेद तुमच्याच गाडीबद्दल आहे की काय अशी मला शंका आहे, पण तो त्याला पाठवून दोघांचा मूड घालवू नकोस). खर्चाचं वाक्यही उडालं कारण वेगळे पैसे द्यायचेच नाहीयेत, द्यायचे असते तर ते पहिल्या रांगेत आलं असतं. आणि एखादं काम तूच करणार असशील, समजा बुधवारी रात्री गाडी तूच हलवणार असशील, तर तेही त्याच्या मेसेजमधून काढ. नाहीतर तो दहाला खाली जाणार आणि १४ नंबर रिकामा बघून घाबरून तुला फोन करणार.

हे सगळं करायच्या आधी अजून एक काम, नोटिशीच्या खाली स्क्रोल करून बघ. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये नोटीस, मग सत्तावीस नमस्काराचे हात, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि त्यानंतर काकांची एक ओळ आहे, तू ती पाहिलीस का माहीत नाही, 'दुरुस्ती : सकाळी साडेनऊ ऐवजी साडेआठ वाचावे'. म्हणजे मूळ नोटीस पाठवली असतीस तर एक तास चुकला असता, आणि तो तास बादल्या भरायचाच होता. अशी दुरुस्ती कायम खाली, वेगळ्या मेसेजमध्ये, शुभेच्छांच्या मध्ये येते. त्यामुळे नोटीस पडल्या पडल्या लगेच पुढे पाठवायची घाई करू नये. तासाभराने पाठव, आणि पाठवायच्या आधी तळापर्यंत जाऊन ये.

आता 'काम लांबल्यास वेळेत बदल होण्याची शक्यता'. हे काढायचा मोह होतो, काढू नकोस. टाकी साफ करायची म्हणजे आधी आहे ते पाणी संपवायचं किंवा उपसायचं, मग भिंती आणि तळ घासायचा, गाळ पंपाने ओढून बाहेर काढायचा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं, परत साध्या पाण्याने धुवायचं, आणि एवढं झालं की खालची टाकी भरायची, मग पंप लावून वरची भरायची, मग ते पाणी पाइपमधून तुमच्या नळाला. सेक्रेटरी जी वेळ लिहितात ती बऱ्याचदा साफसफाईवाले हात धुऊन निघतात ती असते, नळाला पाणी त्यानंतर येतं. म्हणून साडेचारला 'अबाऊट' लाव, त्या एका शब्दात अख्खं वाक्य बसलं. सुरुवातीच्या वेळेला मात्र 'अबाऊट' नको, ती ठाम लिही, कारण बंद करायला उशीर झाला तर त्याचं काही बिघडत नाही, पण तो पावणेनऊला बादली लावायला गेला आणि नळ कोरडा, तर दिवसभराची बोंब. म्हणजे अनिश्चितता जिथे आहे तिथेच ठेवायची, सगळीकडे 'मे बी' शिंपडलं की माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही.

तर मेसेज असा होतो:

```
Thu 12 Mar, no water 8:30am to about 4:30pm, tank cleaning. Move car from slot 14 by Wed 10pm; Thu before 8:30am fill buckets and shut all taps.
```

दोन वाक्यं, अक्षरं मोजलीस तर दीडशेच्या आत. हा आकडा उगाच नाही सांगत, कारण कधी त्याचं नेट बंद असलं आणि साधा एसएमएस करावा लागला तर इंग्रजीत १६० अक्षरं एका मेसेजात जातात (देवनागरीत ७०च), त्यामुळे तेवढ्यात बसवायची सवय बरी. आणि तारीख सगळ्यात पुढे आहे हे बघ. फोन लॉक असताना स्क्रीनवर मेसेजचा पुढचा तुकडाच दिसतो, तिथे 'हाय डिअर, सोसायटी हॅज इन्फॉर्म्ड दॅट' आलं तर कामाचं काहीच दिसत नाही. 'टँक क्लीनिंग' हे दोन शब्द मी मुद्दाम ठेवले, कारण कारण कळलं की तो 'पण का' विचारायला फोन करत नाही, पण ते वाक्याच्या शेवटी, पुढे नाही. दुसऱ्या वाक्यात कामं महत्त्वाच्या क्रमाने लावायची नाहीत, वेळेच्या क्रमाने लावायची. गाडीची डेडलाइन बुधवारची, ती आधी, बादल्या गुरुवारच्या, त्या नंतर. आणि प्रत्येक कामाला स्वतःची वेळ चिकटलेली हवी. एकच 'थर्सडे' सगळ्याला लावला की गाडी गुरुवारी सकाळी हलवायची असं तो समजणार, आणि मला वाटतं मागच्या वेळी नेमकं हेच झालं असणार.

बादल्या म्हणजे किती हे लिहायला जागा नाही आणि गरजही नाही, तुमच्या घरात किती लागतं ते त्याला माहीत असेल. नसेल तर एकदा तोंडी सांग, मोरीतलं पिंप, दोन बादल्या आणि ओट्यावरचं पिण्याचं पातेलं, दर वेळी मेसेजात नको.

आता वेळा आणि दिवस. 'उद्या', 'परवा' इंग्रजीतही पाठवू नकोस, तू रात्री साडेअकराला 'टुमॉरो' लिहिलंस आणि त्याने सकाळी वाचलं की दिवस सरकला. वार आणि तारीख दोन्ही लिही, कारण नोटिशीत चूक असेल तर ती दोघांच्या न जुळण्यातूनच पकडता येते. 'गुरुवार दि. १३' असं दिसलं आणि कॅलेंडरमध्ये १३ला शुक्रवार निघाला तर सरळ ग्रुपवर विचार, अंदाजाने एक बाजू धरून पाठवू नकोस. साडेनऊ, पावणेदोन, दीड, अडीच हे सगळं तुझ्या डोक्यात आपोआप होतं पण टाइप करताना घाईत पावणेदोनचं २:४५ होतं, ते परत वाचून घे. आणि रात्री बारा. टँकर, लिफ्टचं काम, रस्ता बंद असल्या नोटिसांत 'बुधवारी रात्री १२ पासून' लिहितात, आपल्याला बरोबर कळतं की बुधवार संपताना, पण ते `Wed 12am` लिहिलं की वाचणारा बुधवार सुरू होतानाचं धरतो, म्हणजे अख्खा एक दिवस आधी. तिथे `Wed 11:59pm` लिही, दिसायला विचित्र पण वाद नाही.

तू म्हणशील ते पंधरा मिनिटांचं पाणी राहिलं. राहिलं नाही, मुद्दाम बाहेर ठेवलं. ते काम गुरुवारी संध्याकाळचं आहे, मंगळवारी रात्री वाचलेलं तोवर कोण लक्षात ठेवतंय, आणि दुसऱ्या वाक्यात चौथं काम घुसवलं की पहिली तीनही पुसट होतात. त्याच्यासाठी वेगळा मेसेज, गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला ऑफिसमधून:

```
Water may be back any time after 4:30. Don't drink, cook with or filter the first 15 minutes of it, just let it go in the toilet bucket.
```

नोटिशीत फक्त 'पिण्यासाठी' लिहिलंय, मी स्वयंपाक आणि फिल्टर वाढवला. पहिल्या पाण्यात ब्लीचिंगचा वास आणि पाइपमधला सुटलेला गाळ येतो, तो डाळीत गेला काय नि फिल्टरमध्ये गेला काय, नकोच. नोटिशीत नसलेलं असं आपलं काही घालायचं असेल तर अशाच ठिकाणी घालावं, जिथे जास्त काळजी घेतल्याने काही बिघडत नाही. वेळ, विंग, तारीख यात स्वतःची भर अजिबात नको.

बरोबर जमलं की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचं उत्तर. 'ओके' आलं तर जमलं. प्रश्न आला तर चिडू नकोस, प्रश्न कुठला आहे ते बघ. 'कधीपर्यंत?' असं आलं तर शेवटची वेळ सुटली, 'मी काय करू?' आलं तर दुसरं वाक्य पातळ झालं, 'आपल्याला पण लागू आहे का?' आलं तर विंगची चाळणी मारायची राहिली. दोनचार नोटिसांत तुला कळेल की त्याचा नेहमीचा प्रश्न कुठला, मग ती जागा आधीच भरून टाक.

महापालिकेच्या नोटिसांनाही हेच लागू पडतं. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुतेक गुरुवारी, आणि त्या निवेदनाच्या शेवटी 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' ही ओळ असते. भाषांतर करताना लोक गुरुवार पाठवतात आणि शुक्रवार सोडतात, आणि घरी असलेला माणूस शुक्रवारी आंघोळीच्या वेळी अडकतो. तिथे पहिल्या वाक्यात दोन्ही दिवस हवेत, भागांची ती लांबच लांब यादी मात्र नको, तुमचा भाग त्यात आहे की नाही एवढं तू बघायचं. तुमच्या सोसायटीची टाकी मोठी असेल तर गुरुवारी नळाला पाणी येतही राहील, ते वॉचमनला विचारून घे, नाहीतर तू 'नो वॉटर' लिहायचीस, तो बाथरूमभर बादल्या भरून ठेवायचा आणि पाणी दिवसभर चालूच. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो तुझा मेसेज मनावर घेत नाही.

काही नोटिसा मात्र दोन वाक्यांत करूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस, मोठ्या दुरुस्तीचा वर्गणीचा ठराव, पुनर्विकासाचं काहीही. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तिथे त्याचाही पैसा आणि सही आहे, आणि तू काय गाळलंस हे त्याला कधीच कळणार नाही. अशा वेळी मेसेज फक्त तारखेचा आणि 'संध्याकाळी बसून वाचू' एवढा करावा, आणि खरंच बसून विषयपत्रिका एकेक करून त्याला वाचून दाखवावी, तोंडी मराठी त्याला कळतं म्हणतेस तर अर्धं काम तिथेच होईल. सभेच्या नोटिशीत ती 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल' ओळ असते, ती बघून दोन वेळा पाठवू नकोस, पहिलीच पाठव. सभा अकराची असली की सगळेच साडेअकराला यायचं ठरवतात म्हणून तर गणपूर्ती होत नाही, तुम्ही तरी अकराला जा.

आणि काकांचं. संपूर्ण नोटीस इंग्रजीत लिहा असं सांगू नकोस, एकतर ते दुखावतील, आणि लिहिलीच तर ती इंग्रजी पानभर असेल, मग तुला त्याचीही दोन वाक्यं करावी लागतील. त्यांना एवढंच म्हण, काका, नोटिशीच्या डोक्यावर एक ओळ टाकाल का, कुठली विंग, कुठला वार, किती ते किती आणि काय करायचं. मराठीतच. तुमच्याकडे भाडेकरू बरेच दिसतायत आणि मराठी येणारेही पूर्ण नोटीस वाचत नाहीत, त्या सत्तावीस नमस्कारांपैकी किती जणांनी दुरुस्ती वाचली ते गुरुवारी साडेआठला कळेलच. आणि वेळ बदलली तर नवी ओळ खाली टाकण्याऐवजी जुनी नोटीस डिलीट करून दुरुस्त केलेली परत टाका म्हणून सांग, हे ते ऐकतील, कारण फोन त्यांनाही येतातच.